जुन्या तुळईचा दाखला

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावी जुन्या वाड्याचे पाडकाम सुरू झाले, की मातीच्या ढिगाऱ्यावर ठेकेदाराची नजर क्वचितच ठरते; ती ठरते ती सागवानी तुळईवर, कारण पाऊणशे वर्षे धुराने काळवंडलेल्या त्या लाकडाचा गाभा आत अद्याप सोनेरी असतो आणि तसला जुना, संथ वाढलेला साग आज सहजी मिळत नाही. हीच तुळई दुसऱ्या वाड्याच्या दुरुस्तीला वापरण्यात वावगे काही नाही. मात्र ती आली कोठून, आणि तिच्यात बळ किती उरले, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तिला नव्या भिंतीत बसविणे हे अज्ञात इसमाला जामीन राहण्यासारखे आहे.

बळाचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो मापता येतो. समजा, तुळई 3.6 मीटर लांब, 20 सेंटिमीटर उंच व 15 सेंटिमीटर रुंद आहे. भिंतीत पुरलेली तिची दोन्ही टोके प्रथम तपासावीत, कारण ओल तेथेच मुरते, वारा तेथेच पोचत नाही आणि बाहेरून धडधाकट दिसणारे लाकूड आतून भुसभुशीत होण्याची शक्यता तेथेच सर्वाधिक असते. अणकुचीदार टोच्या दाबला आणि तो सहज रुतला, तर ते टोक कापण्याखेरीज इलाज नाही. दोन्ही बाजूंना 25 सेंटिमीटर कापले, की 3.1 मीटर उरतात. प्रत्येक भिंतीत 20 सेंटिमीटर टेकू धरला, तर मधला मोकळा गाळा 2.7 मीटरचा होतो, जो पूर्वी, 25 सेंटिमीटरची टोके भिंतीत असताना, 3.1 मीटरचा होता.

आता कडेच्या फिकट, रसाळ लाकडात घुणाने पोखरलेला थर प्रत्येक अंगाने एकेक सेंटिमीटर निघाला, असे धरू. उंची 18 आणि रुंदी 13 उरली. वाकण्याविरुद्धचे बळ रुंदीच्या प्रमाणात व उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ते मूळच्या सुमारे 70 टक्के भरते. गाळा लहान झाल्यामुळे गरज मात्र मूळच्या 76 टक्क्यांवरच आली. म्हणजे जाड मातीचे धाबे पुन्हा तसेच घालावयाचे असेल, तर ही तुळई पूर्वीइतकी निर्धास्त राहत नाही. हलक्या कौलारू छपराला मात्र ती बहुधा खुशाल पुरेल. घुणाचा थर दिसायला केवळ पापुद्रा असतो, पण हिशेबात तो तिसऱ्या हिश्श्याइतका उतरतो! शिवाय तुळईच्या मध्यभागी, खालच्या अंगाला जुनी खाच असेल, तर हा हिशेबही फसवा. लाकूड तेथेच ताणले जाते आणि भेग तेथूनच सुरू होते. अशा वेळी खाच वर येईल अशी तुळई उलटवावी, अथवा तिला कमी भाराच्या जागी न्यावे.

विटेचा दोष निराळा. गोठ्याच्या वा संडासाच्या भिंतीतून काढलेली वीट आपल्याबरोबर क्षार आणते आणि नव्या भिंतीत, चुन्याचा गिलावा झाल्यावर, लोणा फुटून तो गिलावा पापुद्र्यापापुद्र्याने सोडविते. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज आला, म्हणजे भाजणी ठीक. क्षारांविषयी त्यावरून काहीच कळत नाही. त्यासाठी वीट उभी करून तिचे टोक अडीच सेंटिमीटर पाण्यात ठेवावे, पाणी शोषून वाळू द्यावे, पुन्हा एकवार तेच करावे. पांढरी साय चढली, तर ती वीट आतील भिंतीलाही नको. चुन्यातली वीट सहसा अभंग सुटते, सिमेंटमधली सुटताना बहुधा फुटते. वणीजवळच्या राजूरच्या चुनाभट्ट्यांचा चुना म्हणूनच दुरुस्तीच्या कामी सिमेंटहून अधिक शहाणा ठरतो.

दगडाच्या बाबतीत एवढेच सांगतो, की काळा पाषाण हातोड्याने वाजवून आतील भेग कळते. वालुकाश्माचे वा चुनखडीचे थर मात्र आडवेच बसवावेत, उभे बसविल्यास पापुद्रे सुटतात.

मग उरतो तो उगमाचा प्रश्न. भारताच्या 1972 च्या पुरातनवस्तू कायद्यान्वये, शंभर वर्षांहून जुन्या इमारतीतून सुटी केलेली वस्तूही पुरातनवस्तू गणली जाऊ शकते. तेव्हा नक्षीदार दरवाजा बाजारात दिसला, की किमतीआधी त्याचा गाव विचारावा. हेमाडपंती देवळाच्या आवारात पडलेला घडीव दगड तर कोणाच्याही कुंपणाचा नव्हे. तो जागचा न हलवता पुरातत्त्व खात्याला कळवावा. आणि ज्या वाड्याची तुळई घ्यावयाची, तो वाडा खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेला होता काय, हे विचारण्याचा संकोच बाळगू नये. अन्यथा एका वाड्याचे जतन दुसऱ्या वाड्याचा बळी घेते आणि जुन्या मालाला चढा भाव मिळू लागताच पाडकामाला उगीचच निमित्त सापडते.

1964 च्या व्हेनिस सनदेने म्हटले आहे, की भर घातलेला भाग एकूण रचनेशी सुसंगत असावा, परंतु मूळ भागाहून ओळखूही यावा. नव्या लाकडाला ही ओळख आपसूक असते. जुने लाकूड मात्र काळवंडलेपणामुळे सहज खोटी साक्ष देते, आणि पन्नास वर्षांनी येणारा अभ्यासक त्यावरून वाड्याचे वय चुकीचे ठरवितो. म्हणून तुळईच्या भिंतीकडील, न दिसणाऱ्या अंगावर मूळ गाव, काढल्याचे वर्ष आणि बसविल्याचे वर्ष कोरावे, व तीच नोंद घराच्या दप्तरी, कापलेल्या टोकांच्या मापांसह, ठेवावी.