ही मूठ कुणाची?

परवाच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे पावणेअकरा झाले होते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारून मी दिवा मालवणार, तोच फोनवर एक निरोप आला. अक्षरे चारच शब्दांची: ‘झाकली मूठ सव्वा लाखाची.’ वर ‘सर’ नाही, खाली नाव नाही. नंबर माझ्याकडे नोंदलेला नव्हता; पण बाजूच्या चिमुकल्या फोटोवरून ओळख पटली. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी विद्यार्थिनी. त्यानंतर तिचा-माझा एका अक्षराचाही संबंध नव्हता.

आता अशा निरोपाला माणसाने काय उत्तर द्यावे?

मराठीचा प्राध्यापक म्हणजे म्हणींचा व्यापारीच. तरी खरे सांगतो, मी गोंधळलो. ह्या म्हणीत क्रियापद नाही, ‘मी’ नाही, ‘तू’ नाही, काळ नाही. बहुतेक म्हणी अशाच असतात. त्या पाटीवर नाव न घातलेल्या घरासारख्या. आत कोण राहतो ते बाहेरून कळत नाही. घरात, ओसरीवर म्हण बोलली जाते तेव्हा ही उणीव भासत नाही, कारण प्रसंग डोळ्यांसमोर असतो. आमटी खारट झालेली असते, सून समोर उभी असते, आणि सासूबाई स्वतःच्या लेकीला बोलतात. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण निघाली ती ह्यातूनच. बोलणाऱ्याची नजर, सूर, समोरचे पातेले, हे सगळे मिळून म्हणीचा अर्थ पुरा करतात. कागदावर किंवा फोनच्या पडद्यावर एकटी म्हण आली की ह्यांतले काहीच बरोबर येत नाही.

पीटर सीटेल ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९६९ साली आफ्रिकेतल्या इग्बो लोकांच्या म्हणींवर लिहिताना हा गुंता सोपा करून मांडला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: म्हण ऐकली की आधी बघावे, ती बोलणाऱ्याला स्वतःला लागू आहे, ऐकणाऱ्याला आहे, की तिसऱ्याच कुणाला. माझ्या निरोपाला हीच कसोटी लावून पाहा. मूठ तिची असेल, तर ती काहीतरी लपवून बसली आहे. मूठ माझी असेल, तर ‘सर, गप्प राहा’ असा इशारा आहे. तिसऱ्याची असेल, तर कुणाचे तरी बिंग तिला ठाऊक झाले आहे. आणि चौथी शक्यता, सकाळच्या फुलांच्या चित्राबरोबर येतो तसला हा सुविचार असायचा. पण तो पहाटे येतो, रात्री पावणेअकराला नव्हे. शिवाय त्यावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण बहुधा असते. इथे ती नव्हती. अर्थात मजकूर उतरवून नव्याने डकवला तर ती खूण उमटत नाही, म्हणून तेवढ्यावर विसंबून चालत नाही.

ह्या बाबतीत मी एकदा चांगलाच ठेचकाळलो आहे. काही वर्षांपूर्वी शाळेतल्या एका जुन्या सोबत्याचा असाच निरोप आला होता: ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी.’ मला कोटी सुचली. मी लिहिले, ‘म्हणजे गाढव मीच ना?’ आणि शेजारी हसरा चेहरा. त्यावर उत्तर आले नाही. तीन-चार महिन्यांनी दुसऱ्या मित्राकडून कळले, की त्याचे वडील इस्पितळात होते आणि त्याला एका सावकाराच्या पायऱ्या चढाव्या लागल्या होत्या. हरी तो स्वतः होता. गाढव तो सावकार. माझा त्या म्हणीत कुठे संबंधच नव्हता, आणि मी मात्र त्यातली एक जागा पटकावून बसलो.

माणसे अशी नुसती म्हण का पाठवतात, ते मला त्या दिवशी उमजले. म्हणीच्या आडून बोलले की बोलल्यासारखेही होते आणि न बोलल्यासारखेही. समोरच्याने विपरीत घेतले तर ‘सहज आठवली हो’ म्हणून मागे फिरता येते. म्हणजे उत्तर देणाऱ्याने दोन गोष्टी सांभाळायच्या: बोलायला दार उघडायचे, आणि मागची परतीची वाट बंद करायची नाही.

त्या रात्री मी चार उत्तरे मनात लिहून खोडली. ‘वा, छान म्हण!’ हे लिहिले असते तर संभाषण तिथेच संपले असते. म्हणीचा अर्थ समजावून सांगण्याचा मोह तर आमच्या पेशाला जडलेलाच. पण अर्थ तिला ठाऊक होताच, म्हणून तर तिने ती निवडली. म्हणीला दुसऱ्या म्हणीने उत्तर द्यावे, तर दोन झाकल्या मुठी समोरासमोर. उरले ‘का पाठवलीस?’ ते बायकोने वाचले आणि म्हणाली, “अहो, हे पोलीस चौकीतले वाटते. पोर काहीतरी सांगू पाहतेय.”

शेवटी मी लिहिले ते असे: ‘तुझा निरोप मिळाला. बऱ्याच दिवसांनी आठवण केलीस, बरे वाटले. ही मूठ तुझी, माझी की आणखी कुणाची, ते मला कळले नाही. सांगावेसे वाटले तर सांग. सहज आठवली असेल तरी हरकत नाही.’

पहिल्या दोन वाक्यांनी तिला कळले की मी रागावलेलो नाही. तिसऱ्यात मी अंदाज न बांधता माझे अज्ञान कबूल केले. त्यामुळे तिला मोठी कहाणी सांगण्याची गरज उरली नाही; तिन्हींपैकी एक शब्द निवडला की पुरे. आणि शेवटच्याने परतीची वाट मोकळी ठेवली.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आले: ‘माझीच, सर.’

मग हळूहळू हकीकत आली. शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिले होते. घरी ‘पास झाले’ असे सांगितले होते. आता एक स्थळ चालून आले होते, आणि त्या मंडळींनी गुणपत्रिका पाहायला मागितली होती. वडिलांनी ती आणून ठेव म्हटल्याला आठवडा झाला होता. मी उपदेश केला नाही. एवढेच विचारले, की घरात हे आधी कुणाला सांगणे सोपे जाईल? ती म्हणाली, आईला. त्याच रात्री तिने आईला सांगितले.

प्रत्येक वेळी असेच घडेल, असे नाही. ‘सहज पाठवली’ असे उत्तर आले तर तिथेच थांबावे. खोदून विचारू नये. नंबर सर्वस्वी अनोळखी असेल, तर आधी ‘आपण कोण?’ एवढेच विचारावे आणि स्वतःचे नाव-गाव सांगू नये; फसवणारी माणसेही अशाच निरुपद्रवी वाक्याने ओळख काढतात. आणि त्या ओळीत निरोप घेतल्याची छाया दिसली, तर लिहीत बसू नये. तडक फोन लावावा.

ते स्थळ पुढे जमले नाही. दोन्ही विषय मात्र तिने पुढच्या परीक्षेत सोडवले. हल्ली तिचे वडील मला रोज पहाटे गुलाबाच्या फुलावर छापलेला एक सुविचार पाठवतात. त्यावर ‘फॉरवर्डेड’ अशी स्वच्छ खूण असते. त्यांना मी फक्त ‘नमस्कार’ एवढेच उत्तर देतो.