मधलं नाव आईचं

शाळाप्रवेशाचा अर्ज भरताना माझी मैत्रीण एका रकान्यापाशी थबकली. नवरा सोडून गेलेला, लेक तिने एकटीने वाढवलेली. मुलीचं संपूर्ण नाव लिहायचं होतं, तर मधे कोणाचं लिहावं? तिच्यासारख्या अनेकजणी हाच प्रश्न विचारतात.

वडिलांचंच नाव मधे हवं, असा कायदा आहे का?

नाही. ती आपल्याकडची रूढी आहे. जन्मदाखल्यात बाळाचं, आईचं आणि वडिलांचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत असतं. बाळाच्या रकान्यात मधलं नाव काय लिहायचं, हे पालक ठरवतात. आपल्या मातीला आईच्या नावाची ओळख नवी नाहीच. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी ओळखला जातो तो आईच्या नावाने.

मग 2024 चा महाराष्ट्र सरकारचा निर्णय काय सांगतो?

इथे बराच गैरसमज आहे. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. म्हणजे समजा, मुक्ता सुनंदा महेश जोशी. आईचं नाव आलं, पण वडिलांचं गेलं नाही. त्यामुळे फक्त 'मुक्ता सुनंदा जोशी' हवं असेल, तर हा निर्णय दाखवून भागत नाही.

एकट्या आईने काय करावं?

आई अविवाहित असेल, तर 2015 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूने आहे. तिने प्रतिज्ञापत्र दिलं की जन्मदाखला द्यायलाच हवा, वडिलांचं नाव सांगण्याची सक्ती नाही. पासपोर्टच्या अर्जातही 2016 च्या अखेरपासून एकाच पालकाचं नाव पुरतं. पॅन कार्डासाठी एकट्या आईचं नाव 2018 पासून चालतं.

घटस्फोटितेची वाट जरा अवघड आहे. वडिलांचं नाव आधीच नोंदलेलं असतं आणि ते बदलताना अधिकारी त्यांची संमती किंवा न्यायालयाचा आदेश मागतात. म्हणून ताब्याचा दावा चालू असतानाच वकिलाकडून नावाचा मुद्दाही अर्जात घालून घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

उशीर झाला तर?

सगळ्यात सोपी वेळ पहिल्या प्रवेशाची. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव एकदा चढलं की दुरुस्तीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, आणि तोही मूल त्या शाळेत शिकत असेपर्यंतच करावा. शाळा सुटल्यावर तिथली नोंद बदलणं फार कठीण जातं. मग राजपत्रात नावबदल जाहीर करून पुढची कागदपत्रं बदलत बसावं लागतं. दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल, तर अडचण सहसा दहावीचा फॉर्म भरताना कळते.

मधलं नाव काढलं तर वडिलांच्या मालमत्तेतला हक्क जातो का?

जात नाही. वारसा नात्यावर ठरतो. मैत्रिणीची खरी भीती हीच होती. ती गेल्यावर तिने त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.