पत्रा चमकतो, तरी घर का तापतं?

नवा पत्रा उन्हात लखलखतो, म्हणजे तो ऊन परतवतो, मग त्याला पांढरा रंग कशाला? विदर्भात पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हाही हा समज कायम असतो.

समज अर्धाच खरा आहे. कोरा जस्ती पत्रा निम्म्याहून जास्त ऊन परतवतो. पण जी उष्णता तो शोषतो, ती आकाशाकडे सोडून देणं त्याला जमत नाही. उघडा धातू ती धरून ठेवतो आणि खालच्या खोलीला भाजून काढतो. रंगाचा थर मात्र शोषलेली उष्णता सहज बाहेर टाकतो. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि उष्णताही सोडतो, म्हणून तो चकाकीपेक्षा सरस ठरतो.

हे तपासताना एक फसगत होते. तापमान मोजणारी बंदूक चकचकीत पत्र्यावर रोखली, की ती खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवते. पत्र्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावावा, थोडं थांबावं आणि त्यावर मोजावं. मग खरा आकडा कळतो.

स्लॅबचा हिशेब सोपा आहे. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर भर दुपारी सुमारे 8,000 वॅट ऊन पडतं. जुना, काळवंडलेला स्लॅब त्यातलं 70 टक्के, म्हणजे 5,600 वॅट शोषतो. नुकताच पांढरा केलेला 20 टक्के, म्हणजे 1,600 वॅट. यातली बरीच उष्णता वाऱ्याबरोबर जाते, पण उरलेली स्लॅबमध्ये मुरते आणि रात्री उशिरापर्यंत खाली उतरत राहते.

‘पृष्ठभाग 20 अंशांनी गार’ ही जाहिरात खोटी नसते, पण तो आकडा छताचा असतो. खोलीतला फरक साधारण 2 ते 5 अंशांचा असतो, आणि तोही फक्त सगळ्यात वरच्या मजल्यावर. भिंती, खिडक्यांतून येणारी उष्णता हा रंग अडवू शकत नाही. तरीही ज्या घरात पंखा गरम हवाच फिरवतो, तिथे एवढ्या फरकानंही झोप लागते. 2010च्या जीवघेण्या उष्णतेनंतर अहमदाबादने कृती आराखडा केला. 2017 मध्ये तिथल्या वस्त्यांतली छतं पांढरी करण्याचा उपक्रम त्यात आला, तो यामुळेच.

महागडा रंगच हवा, असंही नाही. स्लॅबवर चुन्याचे दोन हातही काम करतात. पावसाळ्यात ते धुपतात, म्हणून दरवर्षी द्यावे लागतात. पत्र्यावर चुना टिकत नाही. गंज खरवडून, प्रायमर लावून बाहेरच्या वापराचा रंग द्यावा लागतो.

एकदा लावलं की झालं, हा समज सगळ्यात नुकसानीचा. धूळ आणि शेवाळाने वर्ष-दोन वर्षांत परतवण्याची ताकद 80 टक्क्यांवरून साठीच्या आसपास घसरते. दर मार्चमध्ये छत घासून धुवा, भेगा बुजवा, पूर्ण वाळू द्या आणि मगच नवा हात मारा.