टी-स्कोअर पाहायचा की झेड-स्कोअर?

पाळी जाऊन बारा वर्षे झालेल्या, ६२ वर्षांच्या एका मावशींनी हाडांच्या घनतेच्या तपासणीचा रिपोर्ट आम्हाला दाखवला. खुब्याचा टी-स्कोअर उणे २.७, झेड-स्कोअर उणे १.१. "यातला खरा कोणता?" त्यांनी विचारले.

दोन्ही खरे, तुलना वेगळी. टी-स्कोअर आपली हाडे तरुण, निरोगी बाईच्या हाडांशी ताडून पाहतो. झेड-स्कोअर आपल्याच वयाच्या बायकांशी. या वयात अनेकींची हाडे विरळ झालेली असतात, म्हणून झेड-स्कोअर बरा दिसतो. त्यावर निर्धास्त राहू नये. पाळी गेल्यावर निदान टी-स्कोअरवरून होते: उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडे ठिसूळ. मावशींचे हाड मोडेलच असे नाही, पण धोका वाढला आहे. औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे, आणि पूर्वी साध्या पडण्याने मनगट मोडले असेल तर तेही सांगावे.