कुंडी कठड्याशी की भिंतीशी?

'बाल्कनीत शोभेची झाडे व आडोसा लावण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.' सोसायटीच्या सेक्रेटरीकडे येणारे अर्ज बहुधा एवढेच सांगतात. कमिटी ते 'इमारतीला धोका' असा शेरा मारून परत पाठवते आणि मग जिन्यात भेटल्यावर दोन्ही बाजू नजर चुकवतात. खरे तर दोघांकडेही बोलायला आकडेच नसतात. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत भर घालायची किंवा बदल करायचा, तर कमिटीची लेखी पूर्वपरवानगी लागते आणि अर्जात कामाचा तपशील द्यावा लागतो. अडचण या तपशिलाचीच असते.

समजा, पुण्यातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर दहा फूट लांब, चार फूट रुंद बाल्कनी आहे. सभासदाला कठड्यालगत तीन लांबट कुंड्या ठेवायच्या आहेत, प्रत्येकी तीन फूट लांब आणि फूटभर रुंद, फूटभर खोल. अशा एका कुंडीत सुमारे ८५ लिटर माती मावते. कोरड्या मातीचे वजन धरून चालत नाही, कारण जुलैत ती चिंब असते. ओल्या बागमातीचे लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास धरले, तर झाड आणि कुंडी मिळून एकेक १६० किलोच्या घरात जाते. तिन्ही मिळून ४८० किलो.

सभासद म्हणेल, यात घाबरण्यासारखे काय आहे? घरगुती बाल्कनीसाठी १९८७च्या भारतीय मानकाने चौरस मीटरला किमान ३०० किलोच्या आसपास भार धरायला सांगितला आहे. ही बाल्कनी पावणेचार चौरस मीटरची, म्हणजे अकराशे किलो. हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच. त्याच मानकात बाहेरच्या कडेसाठी वेगळा आकडा आहे: लांबीच्या मीटरला सुमारे १५० किलो. तीन कुंड्यांची ओळ पावणेतीन मीटरची. तिथे मीटरला पावणेदोनशे किलो पडतात, आणि कठड्याशी उभ्या राहणाऱ्या माणसांचे वजन त्यात धरलेलेही नाही.

कड एवढी नाजूक का? बऱ्याच बाल्कन्यांचा स्लॅब एका बाजूनेच इमारतीत अडकलेला असतो, पुढची बाजू अधांतरी. वजन भिंतीपासून जितके दूर, तितका मुळाशी ताण अधिक. चार फुटी बाल्कनीत कठड्याला टेकलेल्या कुंडीचा मध्य भिंतीपासून साडेतीन फुटांवर येतो. तीच कुंडी भिंतीला टेकवली, तर अर्ध्या फुटावर. कुंडी तीच, माती तीच, पण मुळाशी पडणारा ताण सातपट कमी! म्हणून अर्जासोबत कुंड्या कुठे ठेवणार याचे साधे रेखाचित्र जोडले, तर कमिटीचा निम्मा विरोध तिथेच मावळावा. मातीऐवजी कोकोपीट आणि कंपोस्टचे हलके मिश्रण वापरले, तर ओली कुंडीही शंभर किलोच्या आत राहू शकते.

हे गणित सुस्थितीतल्या स्लॅबचे झाले. स्लॅब भिंतीला मिळतो तिथे वरच्या बाजूने लांब भेग, खालून गंजाचे तांबूस डाग किंवा बाहेरच्या कडेला साचणारे पाणी दिसले, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरने पाहिल्याशिवाय एकही जड कुंडी नको. कारण अशा स्लॅबच्या मुख्य सळ्या वरच्या थरात असतात आणि भेगेतून पाणी थेट तिथेच पोचते. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. तो अहवाल सभासदाने मागावा. अर्जाआधी तोच वाचलेला बरा.

आडोशाचे दुखणे वजनाचे नसते, वाऱ्याचे असते. दहा फूट लांब, पाच फूट उंच अखंड पत्रा किंवा ॲक्रिलिकचा तक्ता वादळी झोताला शिडासारखा अडवतो. मुंबईसाठी मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्या वेगाला चौरस मीटरवर ११५ किलोहून अधिक दाब येतो. एवढ्या तक्त्यावर तो पाचशे किलोंच्या पुढे जातो, आणि तो सारा पातळ विटांच्या कठड्यात ठोकलेल्या चार बोल्टांवर. शिवाय फरशीत भोके पाडली, तर वॉटरप्रूफिंग फुटते आणि गळती खालच्या घरात उतरते. म्हणून गुंडाळता येणारी बांबूची चिक किंवा जाळीचा आडोसा कमिटीला पटवणे सोपे. बाल्कनी कायमची बंदिस्त होणार असेल, तर मात्र सोसायटीच्या होकाराने भागत नाही, महापालिकेचे नियमही पाहावे लागतात.

या सभासदाचा सुधारलेला अर्ज मग असा होतो: हलक्या मिश्रणाच्या तीन कुंड्या, भिंतीलगत, खाली पाणी धरणारे ट्रे, फरशीत एकही भोक नाही, चिक इमारतीच्या रंगाशी जुळणारी, वादळाचा इशारा आला की गुंडाळणार, रंगकाम किंवा दुरुस्ती निघाली की सगळे स्वखर्चाने हलवणार. कमिटीने तरीही नकार दिला, तर त्याची कारणे लेखी मागावीत. होकार दिला, तर याच अटी परवानगीच्या पत्रात उतरवून घ्याव्यात, कारण पुढच्या निवडणुकीनंतर कमिटीत माणसे वेगळी असतील.