थ्रीडी प्रिंटवर ठराविक अंतराने वळ उठतायत? स्क्रू बदलण्याआधी व्हर्नियर हातात घ्या

बेळगाव : उद्यमबागेच्या फौंड्री पट्ट्यात लाकडी पॅटर्नच्या जोडीला आता थ्रीडी प्रिंटरवर छापलेले प्लास्टिकचे पॅटर्नही दिसू लागलेत. लहान भाग असेल, दोन-चारच नग ओतायचे असतील तर ते सोयीचं पडतं. पण या प्रिंटरची एक तक्रार हमखास ऐकू येते. छापलेल्या भागाच्या उभ्या भिंतीवर खालून वरपर्यंत सारख्या अंतराने आडवे वळ उठतात. दिवाणखान्यात ठेवायच्या शोभेच्या वस्तूवर ते चालून जातील, पॅटर्नवर मात्र चालत नाहीत. त्याचं कारण साध्या हिशेबातच आहे.

वळ साचा का फोडतात?

पॅटर्न वाळूतून सरळ वर ओढून काढता यावा म्हणून त्याच्या भिंतीला थोडा उतार देतात, त्याला कारागीर ड्राफ्ट म्हणतात. समजा हा ड्राफ्ट १ अंशाचा आहे. म्हणजे ४ मिलिमीटर उंचीमागे भिंत साधारण ०.०७ मिलिमीटर आत सरकते. आता प्रिंटवरचे वळ ८ मिलिमीटरवर एक असे आहेत आणि प्रत्येक वळ भिंतीपेक्षा ०.१ मिलिमीटर बाहेर आहे असं धरा. खळग्यापासून उंचवट्यापर्यंत ४ मिलिमीटरचं अंतर पडतं. तेवढ्यात वळ ०.१ ने बाहेर येतो आणि ड्राफ्ट फक्त ०.०७ ने आत नेतो. म्हणजे त्या जागी ड्राफ्ट संपला, उलट भिंतीला खाच पडली. पॅटर्न वर ओढला की तो खाचेतली वाळू ओढून घेतो आणि साच्याची भिंत ढासळते.

पुट्टी भरून, पेपर मारून हे झाकता येतं. पण वळ रुंद असल्यामुळे हलक्या पेपरने तो जात नाही, आणि जोरात घासलं तर माप जातं. त्यापेक्षा मशीनमधला दोष शोधलेला बरा.

८ मिलिमीटरचा आकडा कुठून येतो?

एंडर-३ सारख्या लहान प्रिंटरमध्ये छापणारं डोकं एका आडव्या तुळईवर बसलेलं असतं. ही तुळई वर नेण्याचं काम एक उभा आट्यांचा रॉड करतो, तो लीड स्क्रू. खाली मोटर, मोटरच्या ५ मिलिमीटरच्या शाफ्टला आणि ८ मिलिमीटरच्या स्क्रूला जोडणारा कपलर, आणि तुळईला दोन स्क्रूंनी बसवलेला पितळी नट, एवढीच ही रचना.

या स्क्रूच्या दोन लगतच्या आट्यांमध्ये २ मिलिमीटरचं अंतर दिसतं, पण त्यावर एकाच वेळी चार आटे गुंडाळलेले असतात. त्यामुळे स्क्रूचा एक पूर्ण फेरा झाला की तुळई २ नव्हे, ८ मिलिमीटर वर जाते. म्हणून वळ बरोबर ८ मिलिमीटरवर येत असतील तर दोष स्क्रूच्या फेऱ्याशी जोडलेला आहे, हे पहिलं अनुमान. आपल्या मशीनवर ८ चाच स्क्रू आहे ना, हे आधी तपासावं. स्क्रूवर मार्करने एक उभी खूण करा आणि हे तीन आदेश द्या :

```
G28
G1 Z20 F300
G1 Z28 F60
```

शेवटच्या आदेशाला स्क्रू सावकाश फिरतो. ८ सेकंदांनी खूण फिरून पुन्हा समोर आली तर हिशेब जुळला.

वळ मोजताना शेजारच्या दोनच वळांमधलं अंतर घेऊ नका. पाच-सहा वळांचं एकूण अंतर घेऊन भागाकार करा, चूक कमी राहते.

आधी स्क्रूला निर्दोष ठरवण्याची संधी द्या

सारख्या अंतराचे वळ बेड गरम-गार होण्यामुळेही येतात. थर्मोस्टॅटसारखा चालू-बंद होणारा बेड तापला की किंचित फुगतो, निवला की बसतो. यातला फरक ओळखायला एकच गोल नळकांडं दोन वेळा छापा, एकदा ०.२० मिलिमीटरच्या थराने आणि एकदा ०.२८ च्या थराने. बेडचा फेरा वेळेवर चालतो. समजा दर २ मिनिटांनी तो पलटतो आणि एका थराला १५ सेकंद लागतात, तर दर ८ थरांना एक वळ येईल. ०.२० ला ते अंतर १.६ मिलिमीटर, तर ०.२८ ला सुमारे २.२ मिलिमीटर होईल. म्हणजे थर बदलला की अंतर बदललं. स्क्रूचा दोष असेल तर थर कुठलाही घ्या, अंतर ८ चं ८ च राहतं.

समोरासमोरच्या बाजू काय सांगतात?

आता खरी निवड करायची. नळकांड्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूवर एकाच उंचीला दोन नखं फिरवा.

डावीकडे उंचवटा आणि बरोबर त्याच उंचीला उजवीकडे खळगा लागत असेल, तर थर अख्खाच बाजूला सरकलाय. याला वॉबल म्हणतात. असं करतो तो वाकलेला स्क्रू, किंवा कपलरमध्ये मध्यापासून बाजूला बसलेला स्क्रू. तो फिरताना नटाला आणि नटाबरोबर तुळईला इकडून तिकडे ढकलतो.

दोन्ही बाजूंना एकाच उंचीला उंचवटा असेल, तर थर सरकलेला नाही, त्याची जाडी कमी-जास्त झालीय. तुळई ०.२० वर जायला हवी होती, ती अडखळून ०.१६ च गेली. प्लास्टिक मात्र ०.२० चंच आलं, मग ते चारी बाजूंनी बाहेर फुगलं. पुढे अडथळा सुटला की तुळई जास्त उचलते आणि तिथे खळगा पडतो. हे लक्षण कुठेतरी जाम होत असल्याचं आहे.

नेमकी इथेच गल्लत होते. अंतर ८ चं निघालं की लोक लगेच स्क्रू वाकलाय असं धरून नवीन मागवतात. पण सरळ स्क्रूसुद्धा तिरका बसला असेल तर दर फेऱ्याला एकदा नटात घट्ट होतो आणि ८ मिलिमीटरचेच वळ देतो. अंतरावरून फक्त फेरा कळतो, वाक आहे की जाम, हे बाजूंवरूनच कळतं.

एक उदाहरण, पायरीपायरीने

एखाद्या पॅटर्न शॉपमध्ये ४० मिलिमीटर व्यासाचं चाचणीचं नळकांडं छापलंय असं धरू. पाच वळांचं अंतर ४० मिलिमीटर भरलं, म्हणजे वळामागे ८. थर बदलून पाहिला, अंतर तेच. व्हर्नियरने उंचवट्यावर व्यास ४०.२० आला, खळग्यात ४०.००. फरक ०.२०, म्हणजे एका बाजूला ०.१०. वरच्या हिशेबातला, साचा फोडणाराच आकडा. नखांनी पाहिलं तर उंचवटा चहूबाजूंनी एकाच उंचीला. म्हणजे संशय वाकेवर नाही, जाम होण्यावर.

पहिली तपासणी कपलरची, कारण ती दोन मिनिटांची आहे. मोटरचा शाफ्ट, कपलर आणि स्क्रू या तिघांवरून मार्करने एक सलग रेघ ओढायची आणि एक प्रिंट होऊ द्यायची. रेघ तुटली तर कपलरचा ग्रब स्क्रू ढिला आहे, शाफ्ट आतल्या आत घसरतोय. ढिल्या कपलरचे वळ बहुधा इतके नियमित नसतात. तुळई दिशा बदलते तिथे एखादा थर चेपलेला किंवा फटीचा येतो. इथे रेघ अखंड निघाली, कपलर सुटला.

दुसरी तपासणी तुळईची. मशीन बंद करून पितळी नटाचे दोन्ही स्क्रू काढायचे, म्हणजे तुळई लीड स्क्रूपासून मोकळी होते. तिला हाताने आधार देत तळापासून वरपर्यंत न्यायची. ती एखाद्याच उंचीला अडकत असेल तर दोष रेलचा किंवा रोलरचा. उभे खांब समांतर नसतील तर ती बहुधा वरच्या टोकाला घट्ट होते. रोलर खांबावर फार दाबून बसले असतील तर सगळीकडेच जड जाते. रोलरची कसणी पाहायला रोलर बोटाने फिरवा : थोडा जोर लावल्यावर तो खांबावर घसरून फिरायला हवा. अजिबात फिरला नाही तर फार कसलाय, फुंकरीने फिरला तर ढिला. मात्र रेलचा दोष एका जागेचा असतो, तो दर ८ मिलिमीटरला परत येत नाही. उदाहरणातली तुळई मोकळी निघाली.

तिसरी पाहणी त्याच अवस्थेत होते. नट सुटलेला असल्यामुळे तो स्क्रूवर मोकळा उभा आहे. त्याची भोकं तुळईच्या भोकांसमोर येतात का ते बघायचं. इथे ती जवळपास २ मिलिमीटर बाजूला निघाली. म्हणजे नट आजवर ओढून कसला होता आणि स्क्रू तिरका ताणलेला होता. दुरुस्ती म्हणून मोटरच्या ब्रॅकेटमागे पत्र्याची पातळ शिम घालून स्क्रू सरळ रेषेत आणायचा. मग तुळई अगदी खाली आणून नटाचे स्क्रू कसायचे आणि पुन्हा अर्धा फेरा ढिले करायचे, म्हणजे नटाला बाजूला हलायला थोडी जागा राहते. तुळईच्या वजनाने नट खालून टेकलेला राहतो, त्यामुळे एवढ्या ढिलाईने थराची उंची बिघडत नाही. त्याहून जास्त ढिला मात्र ठेवू नये.

पुन्हा छापलेल्या नळकांड्याचा व्यास उंचवट्यावर ४०.०४ आणि खळग्यात ४०.०० आला, म्हणजे एका बाजूला ०.०२. १ अंशाच्या ड्राफ्टपुढे हा वळ उरतच नाही.

स्क्रू खरंच वाकला असेल तर

बाजू उलटसुलट निघाल्या तरच स्क्रू काढावा. वर्कशॉपमध्ये सरफेस प्लेट असतेच, तिच्यावर तो सावकाश लोळवा. सरळ स्क्रू सरळ लोळतो. वाकलेल्याच्या मधोमध प्रत्येक फेऱ्याला फट उघडते आणि मिटते, त्यातून उजेड दिसतो. ती फट फिलर गेजने मोजता येते. हातोडीने तो सरळ करायच्या भानगडीत पडू नये, आटे खराब होतात.

अजून एक गोष्ट. स्क्रू हलतो म्हणून काही जण त्याचं वरचं टोक बेअरिंगमध्ये पकडतात. स्क्रू वाकलेला असताना असं केलं तर उलट बिघडतं. टोक मोकळं असलं की वाक तिकडे हेलकावे खाऊन निघून जातो. दोन्ही टोकं पकडली की मधला भाग सगळा जोर तुळईवर काढतो. वरचं बेअरिंग शोभतं ते सरळ स्क्रूलाच.