कुटाच्या पाकिटामागचे पोते

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. कारण शोधता शोधता तपास त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोहोचला. पेंडीला बुरशी लागली होती आणि त्या बुरशीने तयार केलेल्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारे हे विष आजही शेंगदाण्यावरचा सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून धोका-विश्लेषण म्हणजे काय ते समजून घेण्यासाठी भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट पाकिटात भरणारे एक लहान युनिट डोळ्यांसमोर ठेवू.

दोन धोके, दोन टप्पे

धोका-विश्लेषणात पोते उतरवण्यापासून पाकीट बाहेर पडेपर्यंतच्या पायऱ्या क्रमाने लिहून काढतात. मग प्रत्येक पायरीला दोन प्रश्न विचारतात: इथे काय बिघडू शकते, आणि इथे सुटलेला दोष पुढे कुठे अडवता येईल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती पायरी निर्णायक ठरते.

अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत हे उत्तर ‘नाही’ असेच येते. शेंग भरताना पावसाने ताण दिला, किडीने टरफल फोडले किंवा काढणीनंतर शेंगा नीट वाळल्या नाहीत, तर बुरशी आत शिरते. भाजल्याने बुरशी मरते, पण तिने आधीच सोडलेले विष बरेचसे तसेच राहते. त्यामुळे ते कच्च्या मालातच रोखावे लागते. आवकीच्या वेळी ओलावामापकाने दाण्यातला ओलावा पाहायचा आणि तो ७ टक्क्यांच्या वर असला तर माल परत करायचा. त्यानंतर सुरकुतलेले, काळपट, फुटके आणि मोड आलेले दाणे निवडून काढायचे, कारण बहुतेक विष याच दाण्यांत साठलेले असते.

प्रयोगशाळेच्या अहवालाला इथे एक मर्यादा आहे. प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्याला कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. म्हणजे हजार टन मालात अवघे १५ ग्रॅम. एखादा दाणा अतिशय विषारी आणि शेजारचे शेकडो स्वच्छ, असे सर्रास घडते. एकाच पोत्यातून मूठभर दाणे तपासले, तर नेमका तोच दाणा हुकतो. म्हणून वेगवेगळ्या पोत्यांतून, वेगवेगळ्या खोलीवरून थोडेथोडे दाणे घेऊन, ते एकत्र दळून मगच नमुना काढतात.

साल्मोनेला या जंतूचा धोका मात्र वेगळा आहे. तो योग्य तापमानाला, पुरेसा वेळ भाजल्यावर मरतो, म्हणून भाजणी हा दुसरा निर्णायक टप्पा. तापमान आणि वेळ आपल्याच भट्टीवर तपासून ठरवावी लागते, कारण कोरड्या दाण्यात हा जंतू चिवट असतो. भाजलेला माल कच्च्याच्या पाटीत पडला किंवा त्याच फावड्याने उचलला, तर भाजणी वाया गेली. अमेरिकेत २००८-०९ मध्ये पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या मालातून साल्मोनेला पसरला. त्यात सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. तिचे दाणे आणि पेस्ट इतर अनेक उत्पादकांनी वापरली होती, त्यामुळे हजारो उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली.

माग कसा लागतो

समजा, युनिटने एका व्यापाऱ्याकडून ३०० किलो दाणे घेतले आणि त्यांना ‘श-२’ हा लॉट क्रमांक दिला. निवडीत १५ किलो निघाले, भाजून-सोलून आणखी २४ किलो घट आली. उरलेल्या २६१ किलोंचे कूट करून अर्ध्या किलोची ५२२ पाकिटे भरली. प्रत्येक पाकिटावर त्या बॅचचा क्रमांक छापला आणि वहीत त्याच्यासमोर ‘श-२’ लिहिले. महिन्याने त्या बॅचमध्ये दोष आढळला, तर मागे व्यापारी सापडतो, पुढे दुकाने सापडतात आणि फक्त ५२२ पाकिटे परत बोलवावी लागतात.

आता वहीत ५६० पाकिटांची विक्री दिसली, तर? जास्तीची ३८ पाकिटे म्हणजे १९ किलो कूट दुसरीकडून आले. बहुधा आदल्या दिवशी उरलेले कूट यात ढकलले गेले. मग आदली बॅचही संशयात येते, आणि तिच्यातही उरलेले मिसळले असेल तर त्याआधीचीही. म्हणून उरलेला माल वापरायचाच असेल, तर किती आणि कोणत्या बॅचमध्ये घातला ते त्याच दिवशी लिहावे. वजनांचा हा ताळा महिन्यातून एकदा, कोणतेही एक पाकीट उचलून, पोत्यापर्यंत लावून पाहावा.

निवडीत निघालेल्या त्या १५ किलोंचीही नोंद हवी. ते दाणे स्वस्तात घाण्यावर गेले, तर विषाचा मोठा वाटा पेंडीत उतरतो. ती पेंड जनावराने खाल्ली की त्या विषाचे बदललेले रूप दुधात येते. म्हणून बाद मालाची पोती वेगळी ठेवावीत, त्यांवर खूण करावी आणि त्यांची विल्हेवाट कधी, कशी लावली ते लिहूनच तो लॉट बंद करावा.